अडकलेले पैसे आणि आईचा फोन

भाजीवाल्याचा कोड स्कॅन करणं आई पटकन शिकली. खरी पंचाईत झाली ती औषधांच्या दुकानात. ६४० रुपये भरले, पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं आणि शेवटी Pending दिसलं. बँकेचा मेसेज आला, पैसे कापले गेले होते, पण दुकानदाराचा स्पीकर काही बोलला नाही. मागे रांग उभी. आईने रोख दिले आणि घरी येऊन फोनवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधला.

समोर आला तो नंबर चोरांचा निघाला. गोड बोलून त्यांनी एक ॲप उतरवून घ्यायला लावलं. त्यामुळे आईचा पडदा त्यांना दिसू लागला. मग ‘रिफंडसाठी’ म्हणून पिन टाकायला सांगितलं, आणि खात्यातले अडीच हजार गेले. पेन्शन वाचली, कारण ती दुसऱ्या बँकेत आहे. ते खातं यूपीआयला जोडलेलं नाही आणि त्याचं नेट बँकिंगही घेतलेलं नाही. खर्चाच्या खात्यात मी थोडेच पैसे ठेवतो. ते ६४० रुपये मात्र तिसऱ्या दिवशी आपोआप परत आले.

म्हणून मला वाटतं, आईवडिलांना पैसे पाठवायला शिकवताना ‘अडकले तर काय’ हेही त्याच बैठकीत शिकवावं. माणूस घाबरतो तेव्हाच फसतो. दुकानदाराला दिलेले पैसे अडकले, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते परत यायला हवेत. एवढं माहीत असलं की धडधड निम्मी कमी होते. त्यासाठी कुणाला पिन सांगावा लागत नाही की कुठे टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत कधीच नाहीत. मी आईला ॲपमधली जुन्या व्यवहारांची यादी उघडून दाखवली. अडकलेल्या व्यवहारावर बोट ठेवलं की तिथेच तक्रारीचा पर्याय मिळतो. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे असतो, तो तिने स्वतःच्या हाताने वहीत उतरवला. फोन पूर्ण वेळ तिच्याच हातात ठेवला. मी बोट दाखवायचं, दाबायचं तिने, आणि पिन टाकताना मी तोंड फिरवायचं. सरावाला एक रुपया मला पाठवायचा. नाव वाचून मगच पुढे जायचं.

आणि तरीही काही विपरीत घडलंच, तर आधी फोनचं इंटरनेट बंद करायचं, म्हणजे पडदा पाहणाऱ्याचा संबंध तुटतो. मग १९३० या सरकारी क्रमांकावर फोन. तिथे व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक विचारतात. तो बँकेच्या मेसेजमध्ये असतो, त्यामुळे मेसेज पुसायचे नाहीत. लगेच कळवलं तर चोराच्या खात्यात पैसे गोठवता येण्याची शक्यता असते, ते पुढे काढून घेतले की अवघड होतं. त्यामुळे ‘मुलगा ऑफिसातून आल्यावर सांगू’ म्हणून थांबायचं नाही, असं मी आईला सांगितलं आहे. आधी १९३०, मग बँक, मग मी.