टक्का, मूळ संख्या आणि मथळा : संपादकांना आक्षेपपत्र

१. प्रास्ताविक

मागील घटकात आपण चुकीच्या माहितीवर आक्षेप घेणारे पत्र पाहिले. तेथे पत्रलेखकाचे काम सोपे होते. चूक दाखवायची आणि योग्य माहिती द्यायची. प्रस्तुत घटकात त्याहून अवघड प्रसंग घेतला आहे. बातमीतील आकडे खरे आहेत, गणितही बिनचूक आहे, तरीही मथळा वाचकाची दिशाभूल करतो. अशा वेळी आक्षेप नेमका कशावर घ्यायचा आणि तो कोणत्या शब्दांत मांडायचा, हे येथे पाहावयाचे आहे.

अभ्यासासाठी आपण एक बातमी कल्पू. मथळा आहे : 'तालुक्यात सर्पदंशबळींत ५० टक्के वाढ'. बातमीच्या मजकुरात म्हटले आहे की गतवर्षी तालुक्यात सर्पदंशाने ४ मृत्यू झाले, यंदा ६ झाले. अगदी शेवटच्या परिच्छेदात गेल्या पाच वर्षांचे आकडे क्रमाने दिले आहेत : ५, ७, ३, ४ आणि यंदाचे ६.

२. मथळ्यातून गळलेली षष्ठी

चारावरून सहा म्हणजे दोनाची वाढ, आणि दोन हे चाराचे ५० टक्के. येथवर चूक नाही. परंतु 'टक्के' हा शब्द भाषेत एकटा उभा राहू शकत नाही. त्याला 'कशाचे?' या प्रश्नाचे उत्तर, म्हणजे एक षष्ठ्यन्त पद लागते : चाराचे ५० टक्के, चार हजारांचे ५० टक्के. मथळ्याने हे पद गाळले आहे. गाळलेली जागा वाचक आपल्या समजुतीने भरतो आणि टक्का हे शेकड्याचे माप असल्याने तो सहसा मोठी संख्या कल्पितो. आक्षेपाचे पहिले स्थान हेच : मूळ संख्या मथळ्यात नाही.

टक्केवारीची आणखी एक खोड ध्यानात ठेवावी. पुढील वर्षी मृत्यू पुन्हा ४ झाले, तर मथळा '३३ टक्के घट' असा येईल. फरक दोनाचाच, पण वाढ मोजताना मूळ संख्या ४ असते आणि घट मोजताना ६.

३. योगायोगाची कसोटी

आता दुसरा प्रश्न. धोका खरोखर वाढला की संख्या सहज खालीवर झाली? यासाठी एक साधी कसोटी आहे. दोन्ही वर्षांत धोका अगदी सारखाच होता असे धरा. मग एकूण १० मृत्यूंपैकी प्रत्येक मृत्यू या वर्षी किंवा गेल्या वर्षी घडण्याची शक्यता समान ठरते. जणू प्रत्येकासाठी नाणे उडवले. दहा वेळा नाणे उडवल्यास एकूण १०२४ प्रकारचे क्रम संभवतात. त्यांपैकी ३८६ क्रमांत छापा सहा किंवा अधिक वेळा येतो. म्हणजे धोका तसूभरही न वाढता '५० टक्के किंवा अधिक वाढ' दिसण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के आहे. तीनांतून एकाहून अधिक.

हीच वाढ ४०० वरून ६०० अशी असती तर? हजार वेळा नाणे उडवून सहाशे छापे येणे व्यवहारात अशक्यच. तेथे '५० टक्के वाढ' हा मथळा पूर्णपणे समर्थनीय ठरला असता.

मात्र या कसोटीची मर्यादाही ओळखली पाहिजे. ४ आणि ६ या संख्यांवरून 'धोका वाढला नाही' असेही सिद्ध होत नाही. एवढ्या लहान संख्या दोन्हीकडे मूकच असतात. म्हणून पत्रात 'वाढ झालेली नाही' असे विधान करू नये. 'वाढ झाली असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही' असे म्हणावे. ही दोन वाक्ये समानार्थी नाहीत. पहिले वाक्य लिहिणारा मथळ्याचीच चूक उलट दिशेने करतो.

४. मूळ संख्या झाकल्याचा परिणाम

हा वाद केवळ शब्दांचा नाही. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने काही नव्या संततिनियमन गोळ्यांविषयी इशारा दिला. त्या घेतल्याने रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका जुन्या गोळ्यांच्या तुलनेत दुप्पट होतो, असे वृत्त सर्वत्र पसरले. प्रत्यक्षात धोका सुमारे ७,००० स्त्रियांत एकीवरून दोघींवर गेला होता. तेथील वाढ निव्वळ योगायोगाची होती असे नव्हे. पण 'दुप्पट' या शब्दाने मूळ संख्येचे लहानपण झाकले. भयभीत होऊन अनेक स्त्रियांनी गोळ्या सोडल्या. पुढील वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० अधिक गर्भपात झाल्याचा अंदाज आहे. गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही अधिक असतो, हे येथे लक्षात घ्यावे.

५. नमुना पत्र

प्रति,
मा. संपादक,
दैनिक ............

विषय : सर्पदंशविषयक बातमीच्या मथळ्याबाबत

महोदय,

आपल्या दैनिकात दि. ...... रोजी 'तालुक्यात सर्पदंशबळींत ५० टक्के वाढ' या मथळ्याची बातमी प्रसिद्ध झाली. बातमीनुसार गतवर्षी ४ आणि यंदा ६ जणांचा मृत्यू झाला. यांतील प्रत्येक मृत्यू दुःखद आहे आणि त्याची नोंद आपण घेतली, हे योग्यच झाले.

आक्षेप मथळ्यापुरता आहे. इतक्या लहान संख्येत दोनाचा फरक धोका न वाढताही सहज पडू शकतो. बातमीच्या शेवटी आपणच दिलेले पाच वर्षांचे आकडे ५, ७, ३, ४, ६ असे आहेत. त्यांची सरासरी ५ येते आणि तीन वर्षांपूर्वीचा आकडा यंदापेक्षा अधिक आहे. या आकड्यांवरून वाढ झाली असे म्हणता येत नाही.

अशा मथळ्यामुळे भयापोटी बिनविषारी साप मारले जातात. रुग्ण किती वेळात रुग्णालयात पोहोचला आणि तेथे प्रतिसर्पविष उपलब्ध होते काय, हे महत्त्वाचे प्रश्न मात्र मागे पडतात. 'तालुक्यात यंदा सर्पदंशाने सहा मृत्यू. गतवर्षी चार' असा मथळा तितकाच लक्षवेधी आणि अधिक खरा ठरला असता. दहापेक्षा लहान संख्यांची तुलना मथळ्यात टक्क्यांनी न करता प्रत्यक्ष संख्यांनी करावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
अ. ब. क.

६. पत्राचे विवेचन

या पत्रात चार गोष्टी क्रमाने आल्या आहेत. प्रथम बातमीचा तपशील आणि मृत्यूंविषयी आदर. तो नसता तर सहा कुटुंबांचे दुःख क्षुल्लक ठरवल्याचा भास झाला असता. नंतर आक्षेपाची मर्यादा, 'मथळ्यापुरता' या एका शब्दाने. त्यापुढे पुरावा, तो बातमीतूनच घेतल्याने संपादकांना पडताळून पाहणे सोपे जाते. नाण्यांचे गणित पत्रात नाही. ते लेखकाने स्वतःच्या खात्रीसाठी करावे, वाचकावर लादू नये. शेवटी पर्यायी मथळा. पर्याय न देणारा आक्षेप तक्रार होऊन राहतो. पर्याय दिल्यास संपादकांना मथळा कसा सुधारावा हे समजते.

'खळबळजनक', 'बेजबाबदार' अशी विशेषणे पत्रात कोठेही नाहीत. मथळा अनेकदा वार्ताहर नव्हे, तर उपसंपादक देतो. त्यामुळे बातमी लिहिणाऱ्याच्या हेतूविषयी अनुमान करणे धोक्याचे असते. मथळा मजकुराशी सुसंगत असावा, ही अपेक्षा भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेतही आहे. पत्राने एवढीच अपेक्षा शांतपणे पुढे ठेवली आहे.

७. स्वाध्याय

(अ) 'शाळेतील गळतीत १०० टक्के वाढ' या मथळ्याखाली 'गतवर्षी १, यंदा २ विद्यार्थी' असा मजकूर आहे. सुमारे १५० शब्दांत संपादकांना आक्षेपपत्र लिहा.

(आ) 'वाढ झाली नाही' आणि 'वाढ झाली असे म्हणता येत नाही' या वाक्यांतील अर्थभेद स्पष्ट करा.

(इ) आपल्या वाचनातील टक्केवारी असलेला एक मथळा घ्या. त्यातील गाळलेले षष्ठ्यन्त पद बातमीतून शोधून मथळा पुन्हा लिहा.