विनंतिअर्ज : शिबिरकाळातील उपस्थितीची सवलत

राष्ट्रीय सेवा योजनेचे विशेष शिबिर सात दिवसांचे असते. त्या काळात बुडालेल्या तासिकांसाठी वर्गशिक्षकांना अर्ज करताना केवळ ‘रजा’ मागू नये. रजा मिळाली तरी हजेरीपटावर गैरहजेरीच राहू शकते. विनंती ‘उपस्थिती ग्राह्य धरण्याची’ असावी.

समजा, नेर येथील एका विद्यार्थ्याच्या विषयाच्या सत्रात रोज एक याप्रमाणे ६० तासिका झाल्या. ७५ टक्के उपस्थितीच्या अटीनुसार ४५ तासिका आवश्यक आहेत. तो ४१ तासिकांना उपस्थित होता. शिबिराच्या सात दिवसांत एक रविवार आल्याने बुडालेल्या तासिका सहाच ठरतात. ४१ आणि ६ मिळून ४७ होतात व अट पूर्ण होते. अर्जात ‘सात’ लिहिल्यास आकडा हजेरीपटाशी जुळणार नाही.

अर्जाचा मुख्य मजकूर असा लिहावा :

“माननीय महोदय, शिबिरातील सहभागामुळे माझ्या सहा तासिका बुडाल्या आहेत. त्यांची उपस्थिती ग्राह्य धरावी, यासाठी प्राचार्यांकडे शिफारस करावी, ही नम्र विनंती. कार्यक्रम अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.”

शिबिराच्या तारखा अर्जात व प्रमाणपत्रात सारख्याच असाव्यात. उरलेल्या १३ गैरहजेऱ्यांना ही सवलत लागू होत नाही, हेही ध्यानात घ्यावे.