पदोन्नतीच्या मुलाखतीत स्वतःविषयी काय सांगावे

सरकारी बँकेत स्केल दोनमधून स्केल तीनमध्ये जाण्यासाठी जी मुलाखत होते, तिची सुरुवात बहुधा एकाच वाक्याने होते: ‘स्वतःविषयी थोडं सांगा.’ विचारणारे बँकेतलेच वरिष्ठ अधिकारी असतात. उमेदवाराचा बायोडेटा त्यांच्या हातात असतो. रुजू झाल्याची तारीख, आजवरच्या बदल्या, एपीएआरमधले गुण, जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या परीक्षा कधी दिल्या, एखादी शिस्तभंगाची कारवाई झाली होती का, हे सगळे त्या कागदावर असते. त्यामुळे उमेदवार ‘मी २०१६ साली रुजू झालो’ अशी सुरुवात करतो, तेव्हा समितीला नवे काहीच कळत नाही.

नव्या नोकरीच्या मुलाखतीत आणि या मुलाखतीत हाच मोठा फरक आहे. तिथे उमेदवार अनोळखी असतो, त्यामुळे त्याने आपला प्रवास सांगणे गरजेचे असते. इथे संस्था त्याला ओळखते. समितीला फक्त एवढेच ठरवायचे असते की, वरच्या पदाचे काम हा माणूस पेलेल का. स्केल दोनचा अधिकारी साधारणपणे लहान शाखा किंवा एखादे टेबल सांभाळतो. स्केल तीनमध्ये शाखा मोठी होते, हाताखालची माणसे वाढतात, कर्जमंजुरीचे अधिकार वाढतात आणि चुकीची किंमतही वाढते. स्वपरिचयातले प्रत्येक वाक्य या वाढीव जबाबदारीशी जोडलेले असावे. जे वाक्य जोडता येत नाही, ते कितीही खरे असले तरी गाळावे.

हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. एक अधिकारी २०१६ मध्ये प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून लागली. पहिली तीन वर्षे पुण्यातल्या शाखेत, मुख्यतः काउंटर आणि ठेवींचे काम. २०१९ मध्ये जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बदली आणि तिथे कर्जविभाग. दरम्यान स्केल दोन. २०२२ पासून एका निमशहरी शाखेची व्यवस्थापक, हाताखाली सात जण. तिने पहिल्यांदा लिहून काढलेला परिचय असा होता: नाव, गाव, शिक्षण, रुजू तारीख, पुण्यात काय काय केले, मग जालन्यात काय काय केले, मग आताची शाखा, ठेवी इतक्या, कर्जे इतकी, मिळालेली प्रशस्तिपत्रे, शेवटी ‘मी मेहनती आणि प्रामाणिक आहे’. वाचायला चार मिनिटे लागत होती. मजकूर सगळा खरा होता, पण त्यात वाढ कुठेच दिसत नव्हती. नऊ वर्षे एकाच वजनाने सांगितली की कोणते वर्ष महत्त्वाचे, हे ऐकणाऱ्याला ठरवावे लागते, आणि ते काम समिती करत बसत नाही.

गाळणी लावायची ती अशी. आधी घरी बसून सगळी वर्षे निःसंकोच लिहून काढावीत. मग त्यातून अशा दोन-तीन जागा शोधाव्यात, जिथे कामाची जात बदलली. कामाचे प्रमाण वाढणे ही वेगळी गोष्ट आहे. आधी पन्नास खाती पाहत होते, मग दीडशे पाहू लागले, यातून कष्ट वाढल्याचे कळते. आधी दुसऱ्याने ठरवलेले पार पाडत होते, मग स्वतः ठरवू लागले, पुढे दुसऱ्यांकडून करवून घेऊ लागले, असे सांगितले की माणूस कुठून कुठे आला ते दिसते. या अधिकाऱ्याला अशा दोन जागा सापडल्या आणि दोन्ही पुण्याबाहेरच्या होत्या. पुण्यातली तीन वर्षे तिने जवळजवळ पूर्ण सोडली. हे अनेकांना जड जाते, कारण तिथेच सर्वांत जास्त धावपळ झालेली असते. पण ती वर्षे बायोडेटात आहेतच, आणि समितीला हवे असेल तर ती विचारेल.

तिचा नवा परिचय साधारण असा झाला:

‘मी सध्या सात जणांच्या निमशहरी शाखेची व्यवस्थापक आहे. माझ्या कामात मोठा बदल झाला तो जालन्याच्या शाखेत. तिथे पीककर्जाची ६४० खाती होती आणि वेळेत नवी-जुनी होत होती ती जेमतेम ३१०. शेतकऱ्यांना मुदतीची तारीखच माहीत नसायची, आणि मुदत चुकली की व्याजसवलत जायची. मी गाववार याद्या करून मुदतीच्या तीन महिने आधी निरोप पोहोचवायला सुरुवात केली आणि आठवडी बाजाराच्या दिवशी गावात बसून कागदपत्रं घेतली. पुढच्या हंगामात ५२० खाती वेळेत झाली. तेव्हा बहुतेक काम मी स्वतः करत होते. आताच्या शाखेत तसं चाललं नसतं. पहिल्याच तपासणीत काही कॅश क्रेडिट खात्यांमधल्या मालाचा विमा संपलेला आढळला. मी मुदतींची नोंदवही सुरू केली, ती दोन लिपिकांकडे सोपवली आणि महिन्यातून एकदाच स्वतः पाहते. नंतरच्या तपासणीत तो शेरा आला नाही. मोठ्या शाखेत मला कर्जखात्यांवरची देखरेख याच पद्धतीने बसवायची आहे.’

शांतपणे बोलले तरी हे दीड मिनिटात संपते. त्यात साल एकही नाही. तरीही क्रम कळतो, कारण ‘तेव्हा मी स्वतः करत होते’ आणि ‘आता सोपवते’ या दोन वाक्यांमध्ये वाढ स्पष्ट दिसते. सुरुवात आजच्या पदापासून आहे आणि शेवट पुढच्या पदाकडे जातो. ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’, ‘टीम प्लेअर’ हे शब्द कुठेच नाहीत. ते प्रत्येक उमेदवार वापरतो, म्हणून त्यांवरून समितीला कुणालाच वेगळे ओळखता येत नाही. मुलाखत हिंदीत किंवा इंग्रजीत होणार असेल, तर परिचय त्याच भाषेत तयार करावा. मराठीत पाठ करून जागेवर भाषांतर करू गेले की आकडे अडखळतात.

आकड्यांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण बहुतेक परिचय तिथेच कोसळतात. आकडा सांगताना आधी किती होते, नंतर किती झाले आणि मधल्या काळात स्वतः काय केले, हे तिन्ही एकत्र यावे लागते. ‘शाखेच्या ठेवी दुप्पट झाल्या’ हे वाक्य कच्चे आहे. शेजारी नवी वसाहत झाली म्हणून ठेवी वाढल्या असतील, तर समितीतल्या जाणत्या माणसाला ते लगेच कळते. शिवाय सांगितलेला प्रत्येक आकडा म्हणजे पुढच्या प्रश्नाला दिलेले आमंत्रण असते. वरच्या परिचयातून पहिला प्रश्न उघडच निघतो: उरलेल्या १२० खात्यांचे काय झाले? याचे उत्तर तयार नसेल, तर ५२० हा आकडाही संशयास्पद वाटू लागतो. तिच्याकडे उत्तर होते. काही खातेदार वारले होते आणि सातबारावर वारसांची नोंद झालेली नव्हती. काही कुटुंबे ऊसतोडीला बाहेर गेली होती, ती परतेपर्यंत मुदत निघून गेली. काहींचे पीकच गेले होते. हे सांगताना ती थेट मर्यादा कबूल करते, आणि त्यातूनच काम तिने स्वतः केले आहे याची खात्री पटते. पुढचा प्रश्न नियमांचा येऊ शकतो: अल्प मुदतीच्या पिकाचे कर्ज एनपीए कधी होते? इतर मुदत कर्जांचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून जास्त थकले की खाते एनपीए होते. अल्प मुदतीच्या पिकांसाठी मात्र ही मोजणी दोन हंगामांची असते. ज्याने पीककर्ज हा परिचयाचा कणा केला आहे, त्याला हा फरक झोपेतही आठवायला हवा. म्हणून परिचयात तेच काम घ्यावे, ज्यावर दहा मिनिटे उलटसुलट प्रश्न आले तरी बोलता येईल.

‘आम्ही’ आणि ‘मी’ यांचा वापरही जपून करावा. सगळेच ‘मी’ म्हटले तर शाखेतल्या इतरांचे काम हिरावल्यासारखे वाटते, आणि समितीतल्या एखाद्याला ती शाखा आतून माहीत असते. सगळेच ‘आम्ही’ म्हटले तर स्वतःचा वाटा दिसत नाही. निर्णय स्वतःचा असेल तिथे ‘मी’, अंमलबजावणी सर्वांची असेल तिथे माणसांचा स्पष्ट उल्लेख, हे पुरते. आधीच्या व्यवस्थापकाच्या काळात गोंधळ होता, असे तर कधीच म्हणू नये. शाखेची स्थिती आकड्यात सांगितली की पुरे, दोष कुणाचा होता हे समितीने विचारलेले नसते.

कमी गुण पडलेले एखादे एपीएआर, मेमो, लांबलेली आजारपणाची किंवा बाळंतपणाची रजा हे विषय परिचयात आणण्याची गरज नाही. ते लपवायचेही नाहीत. विचारले तर दोन वाक्यांत काय घडले आणि त्यानंतर काय बदलले ते सांगावे. परिचयातच खुलासा सुरू केला की सारी मुलाखत त्याच विषयाभोवती फिरते. रजेच्या बाबतीत तर खुलाशाची मुळीच आवश्यकता नसते, कारण ती रजा नियमाने मिळालेली असते.

घरच्यांचा आग्रह अनेकदा याच्या उलट असतो. ‘काहीच सुटायला नको, इतकी वर्षं घासलीस ती सगळी सांग,’ असे आईवडील काळजीपोटी म्हणतात. त्यामागे जुना अनुभव असतो: बढतीत सेवाज्येष्ठतेला मोठे वजन होते, तेव्हा वर्षे मोजून दाखवणे स्वाभाविक होते. आज अनेक बँकांत नॉर्मल आणि फास्ट ट्रॅक असे वेगळे मार्ग असतात आणि लेखी परीक्षा, एपीएआर व मुलाखत यांचे गुण एकत्र धरले जातात. कशाला किती गुण, हे प्रत्येक बँकेच्या पदोन्नती धोरणात असते, तेव्हा तयारीआधी चालू वर्षाचे परिपत्रक वाचावे. सेवेची वर्षे पात्रता ठरवताना मोजली जातात. मुलाखतीला बसायला मिळाले, याचा अर्थ ती मोजणी आधीच झालेली आहे. घरच्यांना मदत करायची असेल तर ती एका कामात उत्तम करता येते: परिचय ऐकून घ्यावा आणि ‘यात तू नेमकं काय ठरवलंस?’ असे विचारावे. बँकिंग न कळणाऱ्या माणसालाही उत्तर पटले, तर परिचय तयार झाला.

ज्यांची बँकभरतीची परीक्षा नुकतीच पार पडली आहे आणि जे आता रुजू होत आहेत, त्यांच्यासाठी ही मुलाखत काही वर्षे दूर आहे. पण तिचा मजकूर आजपासून जमत असतो आणि नऊ वर्षांनी आठवून लिहिताना आकडे हमखास चुकतात. दर तिमाहीला वहीत तीन ओळी लिहाव्यात: स्थिती काय होती, स्वतः काय ठरवले, नंतर काय झाले. ग्राहकाचे नाव आणि खाते क्रमांक मात्र त्या वहीत कधीही लिहू नयेत, कारण ग्राहकाची माहिती गोपनीय ठेवणे बँक कर्मचाऱ्यावर बंधनकारक आहे.