साध्या पत्त्यांवर नात्याचा प्रश्न : चित्र नसताना काय वाचायचं?



मागच्या पाठानंतर तीन-चार कुटुंब-ग्रुपांतून जवळजवळ एकच प्रश्न आला. "आमच्याकडे टॅरोचा संच नाही, घरात रमीचा कॅट आहे. त्यावर नुसते ठिपके. वाचायचं तरी काय?" म्हणून या वेळचा पाठ त्यावरच घेतो. आणि प्रश्नही तोच, जो सगळ्यांत जास्त विचारला जातो, नात्याचा.

आधी एक गैरसमज. अंकांच्या पत्त्यांवर माणसं, घरं, होड्या अशी पूर्ण चित्रं असतात ही आज सगळ्यांना सवयीची गोष्ट झाली आहे, पण ती पॅमेला कोलमन स्मिथ यांनी काढलेल्या १९०९ च्या संचामुळे. त्याआधीचे बहुतेक संच, फ्रान्समधला मार्सेय धाटणीचा धरून, अंकांच्या पत्त्यांवर नुसती चिन्हं मोजून मांडत. पाचचा पत्ता म्हणजे पाच पेले, बस्स. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात तरी काय, राजा आणि प्रधान सोडले तर बाकीचे दहा पत्ते चिन्हांच्या संख्येचेच. तेव्हा ठिपक्यांचा पत्ता हा काही अपुरा पत्ता नाही. त्यात दोन गोष्टी असतात, किती आणि कशाचे. 'किती' म्हणजे अंक, 'कशाचे' म्हणजे तत्त्व.

आता कॅट हातात घ्या. जोकर काढा. गुलाम, राणी, राजा हेही बारा पत्ते बाजूला ठेवा, ते माणसांचे पत्ते, त्यांचा पाठ वेगळा. उरले चाळीस. एक्क्यापासून दश्शीपर्यंत, चार रंगांचे.

बदाम म्हणजे पाणी, अर्थात भावना, ओढ, रुसवा. किलवर म्हणजे अग्नी, इच्छा, उमेद, हट्ट, घाई. इस्पिक म्हणजे वायू, विचार, बोलणं, संशय. चौकट म्हणजे पृथ्वी, पैसा, घर, नोकरी, शरीर, रोजचा व्यवहार. काही परंपरांत किलवर पृथ्वी आणि चौकट अग्नी धरतात. तेही चालतं, फक्त एकदा ठरवलं की बदलायचं नाही. उत्तर आवडलं नाही म्हणून वाचता वाचता चौकट पृथ्वीची अग्नी करणारे आम्ही पाहिले आहेत (आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला आम्हीही केलं आहे). आपल्या पंचमहाभूतांतलं आकाश इथं कुठल्याच रंगाला नाही. ते कुठे बसवायचं म्हणून डोकं शिणवू नका.

अंक असे धरा. एक म्हणजे बी. दोन म्हणजे जोडी, समोरासमोर. तीन म्हणजे त्यातून काही तरी वाढणं. चार म्हणजे चौकोन, टिकणं, पण कधी कधी अडकून राहणंही. पाच म्हणजे त्या चौकोनाला धक्का. सहा म्हणजे धक्क्यानंतरची देवाणघेवाण, तोल परत येणं. सात म्हणजे थांबून पारख. आठ म्हणजे पुन्हा हालचाल, जुळवाजुळव. नऊ म्हणजे भरत आलेलं. दहा म्हणजे भरून सांडलेलं, एक फेरी संपली. पाठ करायची गरज नाही, एकापासून दहापर्यंत एक गोष्ट आहे म्हणून सांगत जा, आपोआप बसतं.

इथं आपल्या लोकांची हमखास चूक होते, म्हणून थोडं थांबू. आपल्याकडे अंक म्हटलं की ग्रह आठवतात. पाच बुधाचा, सहा शुक्राचा, आठ शनीचा. मग नात्याच्या प्रश्नात सहा आला की "शुक्र आला, काम झालं!" आणि आठ आला की चेहरे उतरतात. ती मूलांकाची पद्धत, जन्मतारखेसाठी. तिथला पाच चपळ, बोलका बुध. इथला पाच म्हणजे मोडलेला चौकोन. दोन्ही एकत्र ढवळले की कुठल्याही पत्त्यातून काहीही निघतं, आणि काहीही निघतं म्हणजे काहीच निघत नाही. पत्त्यांवर बसताना ग्रह बाजूला ठेवा.

आता प्रत्यक्ष उदाहरण. बडोद्याच्या एका ग्रुपातल्या मावशी आपल्या भाचीला घेऊन आल्या होत्या. (दोघींना विचारून लिहितो आहोत, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.) मुलगी नोकरी करते. तीन वर्षं एका मुलाशी मैत्री, लग्नाचं दोघांत बोलून झालेलं. पण दोन महिने तो गप्प गप्प. फोन येतो, पण "जेवलीस का" पलीकडे बोलणं जात नाही. घरच्यांनी दुसरं स्थळ आणलेलं, रविवारी उत्तर द्यायचं. ती म्हणाली, "काका, त्याच्या मनात मी आहे की नाही, एवढंच सांगा."

हा प्रश्न आम्ही तसा घेतला नाही. समोर नसलेल्या माणसाचं मन पत्त्यांत दिसतं असं आम्ही मानत नाही. दिसली तर विचारणाऱ्याची आत्ताची जागा दिसते. म्हणून प्रश्न असा फिरवला, "या नात्यात आत्ता काय चालू आहे, आणि रविवारच्या आधी मी काय पाहावं?" तिला तो पटला. तिनेच पिसले, तिनेच तीन काढले. मांडणी सोपी, मधला पत्ता मुख्य, डावा-उजवा त्याचे शेजारी.

डावीकडे इस्पिकची चौकी. मधे बदामची दुर्री. उजवीकडे चौकटची सत्ती.

मावशींनी दुर्री पाहिली आणि हात जोडले. "बदामची जोडी! झालं, लग्न नक्की." थांबा म्हटलं, मावशी.

पहिलं काम म्हणजे एकेक पत्ता, अंक आणि तत्त्व जोडून, साध्या वाक्यात. इस्पिक चार : वायू चौकोनात कोंडला. म्हणजे बोलणं एका जागी थांबलं आहे, दोघांनी न ठरवता गप्प राहायचं ठरवल्यासारखं. बदाम दोन : भावना समोरासमोर, दोन्हीकडून. चौकट सात : व्यवहाराची पारख चालू आहे. पैसा, घर, जबाबदारी असं काही तरी पिकायचं आहे, आणि कोणी तरी त्याकडे बघत थांबलं आहे.

दुसरं काम म्हणजे शेजार. पाण्याचं पृथ्वीशी जमतं, वायूशीही जमतं. अग्नी आणि पाणी एकमेकांना दुबळं करतात, वायू आणि पृथ्वीही तसंच. बाकी जोड्या निभावून नेतात. ही रीत १८८८ साली लंडनमध्ये निघालेल्या गोल्डन डॉन मंडळाच्या शिकवणीतली, आणि बिनचित्राच्या पत्त्यांना ती फार उपयोगी पडते. इथं मधल्या पाण्याला दोन्ही शेजारी धार्जिणे, म्हणजे दुर्रीला बळ आहे. पण ते शेजारी आपसांत, वायू आणि पृथ्वी, एकमेकांचे विरोधी. बोलणं एका टोकाला, व्यवहार दुसऱ्या टोकाला, आणि त्यांना जोडणारी गोष्ट एकच, मधली माया. म्हणजे व्यवहाराबद्दल बोलणंच होत नाहीये, त्याचं सगळं ओझं प्रेमावर टाकलं आहे. खरं वाचन हे आहे. नुसत्या दुर्रीवरून ते निघालं नसतं.

तिसरं काम बेरजेचं. चार, दोन, सात मिळून तेरा, एक आणि तीन चार. बेरीजही चार, पहिला पत्ताही चार. आम्ही बेरजेला फार किंमत देत नाही, तो स्वतंत्र चौथा पत्ता नव्हे. पण ती समोरच्याच अंकावर परत आली तर गाठ कुठे आहे ते पक्कं होतं. गाठ कोंडलेल्या बोलण्यात.

तिला सांगितलं ते एवढंच. "बाळ, ओढ दोन्हीकडून दिसते, पण त्यावरून लग्न होईल असं आम्ही म्हणणार नाही. पैशाचं किंवा घराचं काही तरी न बोललेलं आहे. रविवारच्या आधी 'तुझं माझ्यावर प्रेम आहे का' हे विचारू नकोस. 'तुझ्यावर काय जबाबदारी आहे, आकड्यात सांग' हे विचार."

शेजार बदलला तर उत्तर कसं पालटतं तेही बघा. तीच बदामची दुर्री, पण दोन्हीकडे किलवर असते, तर पाणी दोन अग्नींत सापडलं असतं. दुर्री दुबळी. तेव्हा सांगणं वेगळं असतं : माया आहे, पण घाईने, हट्टाने ती आटते आहे, रविवारची मुदत आधी पुढे ढकल. म्हणून मधला पत्ता एकटा वाचू नका.

आमच्याकडून होणारी चूकही सांगून टाकतो. चित्रांचा संच आधी शिकलेल्यांना ठिपक्यांत चित्रं दिसू लागतात. इस्पिकची तिर्री आली की तीन तलवारी घुसलेलं काळीज डोळ्यांपुढे येतं. एकदा एका ताईंना आम्ही त्याच भरात "मोठं दुःख दिसतंय" म्हणून गेलो, त्यांची रात्रीची झोप उडाली. पत्त्यावर काळीज नव्हतंच! वायू आणि तीन, म्हणजे बोलण्याला फाटे फुटले, तिसरं कोणी तरी चर्चेत आलं, एवढंच. ते दुःखाचं आहे की नाही ते शेजारी ठरवतील. ओळखायची खूण सोपी आहे. तुमच्या वाक्यात चोर, होडी, बुरूज, रक्त असं काही आलं, आणि ते कुठल्या अंकातून किंवा तत्त्वातून आलं हे बोट ठेवून दाखवता आलं नाही, तर ते वाक्य परत घ्या.

एकाच प्रश्नाला एकाच बैठकीत दुसऱ्यांदा पत्ते काढू नका. मावशींनी आग्रह केला, "अजून एक काढा, तारीख कळेल." अंकांवरून तारखा काढायला आम्ही शिकवत नाही. सत्ती म्हणजे सात दिवस, सात आठवडे की सात महिने? ज्याला जे हवं ते तो धरतो.

शनिवारी मुलीने त्याला विचारलं. भावाच्या धंद्याच्या कर्जाला तो जामीन राहिला होता, हप्ते थकले होते, आणि ते सांगायची लाज वाटत होती. पत्त्यांनी जामीन, भाऊ, हप्ता यातलं काहीही सांगितलं नव्हतं, हे मुद्दाम लिहितो. तिने रविवारी घरच्यांकडे दोन महिने मागून घेतले. पुढचं ती ठरवेल.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. प्रश्न : "भांडणानंतर नवऱ्याशी पुन्हा बोलणं सुरू झालंय, पुढे काय पाहावं?" डावीकडे किलवरची छक्की, मधे बदामची पंजी, उजवीकडे किलवरचा एक्का. दुबळा पत्ता म्हणजे वाईट पत्ता नव्हे, त्याचा जोर कमी, मग तो सुखाचा असो की दुःखाचा. मधली पंजी दोन अग्नींत आहे. तर भावनेची मोडतोड इथं वाढली की ओसरली? उत्तर अंक आणि तत्त्वाच्या आधाराने, चार ओळींत, आपापल्या ग्रुपात गुरुवारपर्यंत टाका. व्हॉइस मेसेज नको, लिहूनच पाठवा.