मॅनेजर गेला, लॉट मशीनवर आहे

पांडेसरा किंवा सचिनच्या डाइंग मिलमध्ये मॅनेजर अचानक सोडून गेला की शेठ त्याच संध्याकाळी कुणाला तरी म्हणतो, "तोपर्यंत तुम्ही बघा." सुरतेत असा प्रभारी बऱ्याचदा खानदेशातून आलेला आपलाच माणूस असतो: शिफ्ट सांभाळलेला, मशीनची खोड ओळखणारा, पण शेठच्या केबिनमध्ये फारसा न बसलेला. त्याला पहिल्या पंधरवड्यात काहीतरी करून दाखवायची घाई होते. माझ्या मते इथेच घात होतो. या दिवसांतला क्रम महत्त्वानुसार लावायचा नसतो, 'बिघडलं तर परत फिरवता येईल का' या प्रश्नानुसार लावायचा असतो. ऑपरेटरांची अदलाबदल महिन्याभरानंतरही करता येते. रंग जास्त चढलेलं पाचशे किलो कापड मात्र सहजासहजी पूर्ववत होत नाही, आणि ते कापड मिलचं नसतंच. रिंग रोडवरच्या पार्टीने जॉबवर्कसाठी पाठवलेला तो ग्रे माल असतो.

म्हणून पहिल्या दोन दिवसांत मी फक्त चालू लॉट पाहायला सांगेन. प्रत्येक लॉटच्या जॉबकार्डापुढे चार गोष्टी लिहाव्यात: माल कुणाचा, आत्ता कुठे आहे, शेड कुणी पास केली आणि तारीख काय कबूल केली आहे. शेवटचे दोन रकाने बहुतेक वेळा कोरे निघतात, कारण मॅनेजरने ते फोनवर ठरवलेलं असतं. तिथे अंदाज न लिहिता पार्टीला विचारावं. आपला गोंधळ उघडा पडेल ही भीती खरी, पण मार्केटला बातमी आधीच कळलेली असते. तारीख आपण होऊन विचारली तर व्यापारी निदान ऐकून घेतो. चुकल्यानंतर विचारली तर ग्रे दुसऱ्या मिलकडे वळतो.

त्यानंतर शेडची रेसिपी. गेलेल्या माणसाबरोबर डाइंग मास्टरही गेला असेल तर रेसिपीची वहीही गेलेली असू शकते, आणि वही असली तरी तिच्यावर डोळे मिटून विसंबू नये. समजा, पाचशे किलो पॉलिस्टरला वहीत दोन टक्के रंग लिहिला आहे, म्हणजे दहा किलो. पण नव्या डब्यातला रंग जुन्यापेक्षा दहा टक्के तेज असेल तर तेच दहा किलो अकरा किलोचं काम करतात आणि शेड गडद निघते. जुना मास्टर हे ओळखून हातानेच कमी घालायचा. वहीला ते ठाऊक नसतं. तेव्हा नव्या डब्याची आधी लॅबमध्ये पाच-दहा ग्रॅम कापडावर चाचणी घ्यावी, शेवटच्या पास झालेल्या तुकड्याशी उजेडात ताडून पाहावी, आणि जेटमध्ये नऊ किलोपासून सुरुवात करावी. शेड फिकी आली तर एडिशन करता येतं. त्यासाठी मशीन ऐंशी अंशांच्या आसपास उतरवून पुन्हा एकशेतीसवर न्यावं लागतं; तास-दीड तास जातो, वाफ जळते. शेठ कुरकुरेल. पण गडद झालेला माल स्ट्रिप करून पुन्हा रंगवण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त पडतं, शिवाय स्ट्रिपिंगने कापडाचा हात बिघडतो तो वेगळाच. याच कारणाने पहिले पंधरा दिवस जुन्या, रिपीट शेडच चालवाव्यात. नवी फिकी शेड कुणी कितीही गळ घातली तरी थांबवावी.

यावर शेठ म्हणतो, "मशीन रिकामं ठेवायला तुम्हाला बसवलंय का?" प्रश्न गैर नाही, कारण बॉयलरचा खर्च उत्पादन थांबलं तरी थांबत नाही. पण मी मशीन रिकामं ठेवा म्हणत नाही, ज्ञात काम आधी घाला म्हणतो. रिपीट शेड पुरेशा नसतील तर काळा आणि नेव्हीसारखे गडद रंग घ्यावेत; तिथे थोडी चूक पचते.

कागदाची बाजू थोडक्यात, पण टाळू नये अशी. 1948 च्या कारखाना कायद्याच्या सातव्या कलमानुसार नवा मॅनेजर रुजू झाल्यापासून सात दिवसांत निरीक्षकाला लेखी कळवावं लागे. आणि मॅनेजर नेमलेलाच नसेल तर जो त्याचं काम करताना आढळेल तोच मॅनेजर धरला जाई. आता 2020 ची संहिता लागू झाली आहे, त्यामुळे आजचा फॉर्म आणि मुदत सल्लागाराकडून पक्की करून घ्यावी. तोंडी 'बघा' म्हटल्यावर जबाबदारी आपल्यावर येते, अधिकार मात्र येत नाहीत, एवढं ओळखून खरेदीची मर्यादा आणि सहीचा हक्क शेठकडून एका कागदावर लिहून घ्यावा. त्याच बैठकीत ई-वे बिलाच्या लॉगिनचा मोबाइल नंबर बदलून घ्यावा. नाहीतर ट्रक गेटवर उभा आणि ओटीपी गेलेल्या माणसाच्या खिशात, असं होतं.

गेलेल्या मॅनेजरला फोन करणं अनेकांना कमीपणाचं वाटतं, आणि भांडून गेला असेल तर शेठही आडवा येतो. तरीही पहिल्या आठवड्यातच करावा, शेठला सांगून. नंतर त्यालाही आठवत नाही. तक्रार किंवा समेट हा विषय काढू नये. कुठल्या पार्टीला कोणती तारीख दिली, कुठला डबा तेज होता, कुणाचं पेमेंट तोंडी थांबवलं होतं, एवढंच विचारावं आणि तो बोलत असताना लिहून घ्यावं.