रील दोघांच्या पानावर, पण मालक एकच

सांगलीत मी घरगुती कांदा-लसूण मसाला करून विकते. दोन वर्षांपूर्वी माझ्या इन्स्टाग्रामला जेमतेम 2,300 फॉलोअर होते. रील करणाऱ्या एका मुलाला 74,000 होते. त्याने माझ्या अंगणात डंखावर मसाला कुटतानाचा व्हिडिओ काढला, त्याच्या खात्यावरून टाकला आणि मला कोलॅबचं आमंत्रण पाठवलं. मी ते स्वीकारलं. लगेच तीच रील माझ्याही पानावर दिसू लागली, वर दोघांची नावं.

आठवडाभरात व्ह्यूज 1,86,000 झाले. माझ्या पानावरही 1,86,000, त्याच्याही पानावर 1,86,000. मी भाबडेपणाने एका दुकानदाराला सांगितलं, "दोन्हीकडे मिळून पावणेचार लाख लोकांनी पाहिलंय." ते साफ चुकीचं होतं. कोलॅबमध्ये पोस्ट दोन नसतात. पोस्ट एकच असते, ती दोन दारांतून दिसते. तुमच्या फॉलोअरने लाइक केलं, त्याच्या फॉलोअरने केलं, सगळी मोजणी एकाच आकड्यात पडते. कमेंटही एकाच ओळीत येतात. मी दिलेलं उत्तर त्याच्या पानावरून आलेल्या माणसालाही दिसतं. त्यामुळे दोन्ही आकड्यांची बेरीज करून कुणाला सांगू नका. तो आकडा तुमच्या एकटीच्या पानाची ताकदही दाखवत नाही. रीलच्या आदल्या दिवशी आपले फॉलोअर किती होते ते वहीत लिहून ठेवा आणि प्रत्येक ऑर्डर देणाऱ्याला विचारा, "कुठे पाहिलंत?" मला त्या रीलमुळे 61 ऑर्डर आल्या. माझ्या दृष्टीने खरा आकडा तो.

खरा घाव पुढे बसला. रीलखाली 412 कमेंट होत्या. "पुण्याला पाठवता का", "तिखट किती", "अर्धा किलो हवा". मी त्यांना वेळ मिळेल तशी उत्तरं देत होते, कारण रील माझ्याच पानावर होती, कुठे पळून जाणार! एके दिवशी एका गिऱ्हाइकाने विचारलं, "ताई, ती रील कुठे गेली?" पाहिलं तर माझ्या पानावर ती नव्हती. त्या मुलाला फोन केला. त्याने पानाचं रूप बदलायचं म्हणून जुन्या रील काढून टाकल्या होत्या, त्यात ही पण गेली. त्याला मी दोष देत नाही, रील त्याचीच होती. मालकी त्याची, ज्याच्या खात्यावरून पोस्ट टाकली जाते. त्याने काढली की दोन्ही पानांवरून जाते, लाइक, कमेंट सगळ्यासकट. काढलेली पोस्ट Recently deleted मध्ये 30 दिवस राहते आणि तिथून परत आणता येते, पण तीही फक्त त्यालाच. मला कळलं तेव्हा 38 दिवस उलटून गेले होते.

रील पानावर होती तेव्हाही माझ्या हातात एकच गोष्ट होती: Stop sharing. त्याने पोस्ट माझ्या पानावरून निघते, त्याच्या पानावर राहते. म्हणजे मला बाहेर पडता येत होतं, पण पोस्ट वाचवता येत नव्हती. मजकूरही मला बदलता येत नव्हता. त्याने माझा फोन नंबर एक आकडा चुकवून लिहिला होता, तो दुरुस्त करायला मला त्यालाच चार वेळा विनवावं लागलं.

म्हणून आता मी एकच गोष्ट आधी ठरवते: पोस्ट कुणाच्या खात्यावरून जाणार. माझा माल असेल तर माझ्याच. व्हिडिओ त्याने काढावा, पण फाइल मला पाठवावी. मी टाकते आणि टाकताना Tag people मध्ये जाऊन Invite collaborator ने त्याचं नाव घालते. तो आमंत्रण स्वीकारेपर्यंत पोस्ट फक्त माझ्याच पानावर दिसते. त्यामुळे पोस्ट टाकल्याबरोबर त्याला फोन करून स्वीकारायला सांगते. सुरुवातीची वेळ हुकवायची नाही. एखादा म्हणतो, माझ्याच खात्यावरून जाईल. मग मी पैसे देताना व्हॉट्सअॅपवर लिहून घेते की वर्षभर पोस्ट काढणार नाही, काढायची असल्यास आधी सांगेल. बोलणं लिखित असलं की भांडण होत नाही.

कोलॅबची पोस्ट कुणाची हे कळायला तीन टिंबं दाबा. Delete दिसलं तर तुमची, फक्त Stop sharing च्या वाटेने बाहेर पडता येत असेल तर दुसऱ्याची. दुसऱ्याची असेल तर त्याच दिवशी मूळ फाइल मागून घ्या, आणि दर संध्याकाळी ऑर्डरच्या कमेंट वहीत उतरवा. मी उतरवल्या असत्या, तर ज्यांना अर्धा किलो हवा होता ते आज माझे गिऱ्हाइक असते.