नानासाहेबांस पत्र

पुण्यात शनिवार पेठेत, नदीपासून थोड्या अंतरावर, एक जुना वाडा होता. वाड्याचे मालक माडीवर राहात. सारी बिऱ्हाडे त्यांना नानासाहेब म्हणत. खालच्या मजल्यावर बाळूच्या वडिलांचे बिऱ्हाड होते. भाडे महिन्याच्या महिन्यास पोहोचे, पावती मिळे. सणावारी दोन्हीं घरांत ताटांची देवघेवही होई.

१९६४ सालच्या श्रावणात नानासाहेबांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण व्हावयाची होती. ते आपला वाढदिवस तिथीने पाळीत. तिथी दर वर्षी इंग्रजी तारखेच्या मागेपुढे सरकते, म्हणून आईने पंचांग पाहून दिवस आधीच हेरून ठेवला. नानासाहेबांस पत्र लिहिण्याचे काम बाळूकडे आले. त्याचे अक्षर वळणदार होते.

बाळूने तासाभरात पत्र लिहून वडिलांपुढे ठेवले. आरंभी ‘तीर्थरूप नानांस’ असा मायना होता. पुढे ‘आपण आमचे दुसरे वडीलच आहां’, ‘आपण शतायुषी व्हा’ अशी वाक्ये होती. शेवटी एक ओळ होती : ‘आमच्या स्वयंपाकघराची कौले फार गळतात, तेवढी शाकारून द्यावीत.’

वडिलांनी पत्र दोनदा वाचले. ते म्हणाले, “बाळू, तीर्थरूप हे आईवडिलांस आणि घरातल्या वडीलधाऱ्यांस लिहावयाचे. परक्या पण वडिलांसारख्या माणसास तीर्थस्वरूप लिहितात. पण नानासाहेब आपले घरमालक. त्यांना तसे लिहिले, तर नसलेले नाते सांगून आपण काही मागतो आहो, असे त्यांना वाटावयाचे. श्रीयुत लिही. त्यात मान आहे आणि अंतरही आहे.”

“मग ‘नाना’ तरी चालेल ना? त्यांची नातवंडे तसेच म्हणतात.”

“नातवंडांना चालते. तू नानासाहेब लिही.”

‘शतायुषी व्हा’ या शब्दांवर मात्र आईने बोट ठेवले. “हा आशीर्वाद झाला. आशीर्वाद मोठ्यांनी धाकट्यांस द्यावयाचा. तू बारा वर्षांचा, ते पंच्याहत्तर वर्षांचे! तू देवाजवळ त्यांच्यासाठी मागावेस.”

“आणि दुसरे वडील?” बाळूने विचारले.

“ते खरे आहे का?” वडील हसून म्हणाले. “त्यांनी आपल्यासाठी खरोखर काय केले, ते आठव.”

बाळूला आठवण करावी लागली नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात पाणी शिरले. त्या दिवशी नानासाहेबांनी खालच्या सर्व बिऱ्हाडांना माडीवर घेतले होते. बाळू तेव्हा नऊ वर्षांचा होता. नानासाहेबांच्या घोंगडीत तो आठ रात्री निजला होता.

राहिली कौलांची गोष्ट. ती गाळावयास बाळू तयार होईना. रोज रात्री आईला चुलीजवळ पातेली मांडावी लागत, तो म्हणाला, “आज ते खुशीत असतील, लगेच हो म्हणतील.”

“म्हणूनच लिहू नये,” वडील म्हणाले. “ती ओळ वाचली, की सारे पत्र तिच्यासाठीच लिहिले होते, असे त्यांना वाटेल. पुराची आठवणही मग खोटी ठरेल. आपण भाडे देतो. कौले शाकारून मागणे हा आपला हक्क आहे. तो वाढदिवसाआड लपवावयाचा कशाला? त्याचे पत्र मी निराळे लिहीन.”

बाळूने नवा कागद घेतला.

॥ श्री ॥

पुणे,
श्रावण वद्य तृतीया, शके १८८६

श्रीयुत नानासाहेब यांस,
शि. सा. न. वि. वि.

आज आपणांस पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत, याचा आम्हां सर्वांस फार आनंद होतो. पुराच्या दिवशी आपण आम्हांला माडीवर घेतले व आठ दिवस ठेवून घेतले. त्या दिवसांची आठवण आमच्या घरात नेहमी निघते. आपणांस निरोगी दीर्घायुष्य लाभो, अशी परमेश्वरास प्रार्थना आहे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला नम्र,
बाळू

‘शि. सा. न. वि. वि.’ म्हणजे ‘शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’. वडिलधाऱ्यांस हा नमस्कार लिहितात. बरोबरीच्या माणसास नुसते ‘स. न. वि. वि.’ पुरते.

सकाळी बाळू पत्र आणि परसातली चाफ्याची फुले घेऊन माडीवर गेला. नमस्कार केला, पत्र दिले. आत पाहुणे बसलेले दिसले, तेव्हा तो लगेच खाली आला.

चार दिवसांनी वडिलांनी कौलांसंबंधी पत्र लिहिले. त्यात कोणती कौले फुटली आहेत आणि पाणी कोठे पडते, एवढेच होते. त्याच दिवशी माडीवरून एक चिठ्ठी बाळूच्या नावाने आली. तिचा मायना होता, ‘चि. बाळूस अनेक आशीर्वाद’. खाली दोन ओळी होत्या : ‘तुझे पत्र पोथीत ठेवले आहे. ती घोंगडी अजून आहे, हिवाळ्यात न्यावीस.’

कौलांचे उत्तर वडिलांच्या नावाने दुसऱ्या कागदावर आले. गवंडी सोमवारी येणार होता.